चाकाचा घुमणारा आवाज: मेस्त काय विचारतो आणि का विचारतो

डिचोली आणि साखळीच्या मध्ये माझं छोटं गॅरेज आहे. दिवाळीनंतरच्या आठवड्यात एक शिक्षिका गाडी घेऊन आल्या. पेट्रोलवर चालणारी लहान गाडी, 61,000 किलोमीटर झालेले. रोज साखळीहून आमोणे, माशेल, बाणस्तारी करत पणजीला शाळेत जाऊन येणं. उतरल्या उतरल्या म्हणाल्या, "मेस्ता, गाडी घुंऽऽ करते. टायरवाल्यानं सांगितलं म्हणून पुढचे दोन टायर नवे घातले. आवाज आहे तसाच."

त्यानंतर आमच्यात जे बोलणं झालं ते जवळजवळ तसंच इथे देतो आहे. त्यातला प्रत्येक प्रश्न काही भाग संशयातून बाहेर काढण्यासाठी होता. गॅरेजला जाण्यापूर्वी ही उत्तरं तुमच्याकडे तयार असतील तर चुकीचा भाग बदलला जाण्याची शक्यता पुष्कळ कमी होते.

पहिला प्रश्न: गाडी उभी असताना येतो का?

आवाज कसा येतो ते गिऱ्हाईक तोंडानं काढून दाखवतं. मी ते ऐकून घेतो, पण त्यावर भिस्त ठेवत नाही. एकाच बेरिंगच्या आवाजाला कुणी घुंऽऽ म्हणतं, कुणी विमानासारखा म्हणतं, कुणी रिकामं जातं फिरवल्यासारखा. 'केव्हा येतो' याचं उत्तर मात्र सगळे जवळपास सारखंच देतात, म्हणून सुरुवात तिथून.

"बाई, गाडी अंगणात उभी आहे, गियर न्यूट्रल, आणि तुम्ही ॲक्सिलरेटर दाबलात. आवाज येतो?"

"नाही. उभी असताना अगदी शांत."

"मग चालवताना कितीला सुरू होतो?"

"पन्नासच्या पुढे. साठ-सत्तरला इतका वाढतो की रेडिओ मोठा करावा लागतो. ऐंशीला तर बोलणं ऐकू येत नाही."

इथेच फॅनबेल्ट, अल्टरनेटर, पाण्याचा पंप ही इंजिनाबरोबर फिरणारी मंडळी बाजूला झाली. ती कुरकुरली तर उभ्या गाडीतही कुरकुरतात. पण वेग वाढला की इंजिनाचे फेरेही वाढतात, त्यामुळे एवढ्यावर थांबता येत नाही. आवाज चाकाच्या वेगाला बांधलेला आहे की इंजिनाच्या, हे वेगळं करायला एक सोपी चाचणी आहे. मोकळ्या, सरळ रस्त्यावर साठच्या वेगात चौथ्या गियरमध्ये चला. वेग तोच ठेवून तिसरा गियर टाका. इंजिनाचे फेरे चढतील, चाकाचे तेवढेच राहतील. आवाजाची पट्टी चढली तर शोध इंजिन, क्लच आणि गियरबॉक्सकडे न्यायचा. पट्टी जराही हलली नाही तर चाकं, टायर आणि ॲक्सल.

यानंतर क्षणभर क्लच पूर्ण दाबा, इंजिन बंद न करता. ब्रेकचा बूस्टर आणि पॉवर स्टिअरिंग इंजिनावर चालतात, म्हणून चालत्या गाडीची चावी कधीही फिरवायची नाही. क्लच दाबल्यावर इंजिन शांत होतं आणि गाडी नुसती घरंगळते. तरीही घुंऽऽ तसंच राहिलं तर चाकाकडचा संशय पक्का होत जातो. ॲक्सिलरेटर दाबताना एक सूर आणि सोडताना दुसरा, असं असेल तर मी गियरबॉक्समधल्या, दोन चाकांना जोर वाटून देणाऱ्या डिफरन्शियलच्या बेरिंगचा विचार करतो.

बाईंनी हे दोन्ही केलं नव्हतं. "उद्या शाळेतून येताना करून बघा," असं सांगून मी त्यांना परत पाठवलं. त्यांना थोडं आश्चर्य वाटलं असावं. पण रोज गाडी चालवणाऱ्याचा कान माझ्या दहा मिनिटांच्या फेरीपेक्षा जास्त ऐकतो. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: "तिसऱ्या गियरात टाकली तरी सूर तोच. क्लच दाबला तरी तोच."

टायर की बेरिंग?

सगळ्यात जास्त पैसे या प्रश्नावर वाया जातात. दोघांचा आवाज खरोखरच सारखा असतो, दोघंही वेगाबरोबर वाढतात.

"बाई, रस्ता बदलला की आवाज बदलतो का? म्हणजे खडबडीत जुन्या डांबरावरून नव्या गुळगुळीत डांबरावर आलात की?"

"थोडा कमी वाटतो. पण जात नाही."

टायरचा आवाज रस्त्याला धरून असतो. पृष्ठभाग बदलला की त्याचा सूर स्पष्ट बदलतो, कधी पूर्ण नाहीसाही होतो. बेरिंगला रस्त्याशी देणंघेणं नसतं. गुळगुळीत डांबरावर इतर खडखड कमी होते, त्यामुळे काही वेळा बेरिंगचं घुमणं उलट जास्त उठून दिसतं. बाईंचं 'थोडा कमी' हे उत्तर अर्धवट होतं, म्हणून मी टायरला हात लावून पाहिला. तळवा टायरच्या नक्षीवरून आधी एका दिशेनं फिरवायचा, मग उलट. एका दिशेनं मऊ आणि उलट दिशेनं करवतीच्या दात्यांसारखं लागलं तर झीज तिरकी आहे आणि तो टायर ओरडणारच. ठिकठिकाणी उथळ खळगे लागले तर शॉकॲब्जॉर्बर तपासायचा.

पुढचे टायर नवे असल्यानं प्रश्नच नव्हता. मागचे हाताला सपाट लागले. शंका उरली असती तर पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे करून वीस किलोमीटर चालवायला सांगितलं असतं. आवाज टायरबरोबर जागा बदलतो, किंवा निदान त्याचा सूर तरी बदलतो. बाणाची खूण असलेला टायर असेल तर तो त्याच बाजूला ठेवूनच पुढे-मागे करायचा. या कामाला मजुरीशिवाय खर्च नाही. बाईंना दोन नव्या टायरचे पैसे मोजण्यापूर्वी हे कुणी सांगायला हवं होतं, याचं मला मनापासून वाईट वाटलं.

वळणावर काय होतं?

"आता नीट आठवून सांगा. वळणावर आवाज वाढतो की कमी होतो? आणि कुठल्या वळणावर?"

"हो, वाढतो! उजवीकडे वळताना वाढतो. डावीकडे वळताना जवळजवळ बंद होतो. म्हणजे उजवं चाक गेलं ना?"

"नाही बाई, म्हणजे बहुधा डावं."

ही गफलत मी आठवड्यातून एकदा तरी ऐकतो. गाडी उजवीकडे वळते तेव्हा तिचं अंग डावीकडे कलतं. बसमध्ये उभं असताना उजव्या वळणावर आपण डावीकडे झुकतो, तसंच. त्यामुळे भार डाव्या चाकांवर येतो. झिजलेल्या बेरिंगवर भार आला की ते जास्त ओरडतं आणि भार उतरला की गप्प होतं. उजव्या वळणावर वाढला तर डावं चाक, डाव्या वळणावर वाढला तर उजवं.

हे घरी पाहायचं असेल तर घट्ट वळण लागत नाही. लांब, सौम्य वळण साठच्या आसपास वेगात घेतलं तरी फरक कळतो. मी केरीकडे जाणारा वळणांचा रस्ता वापरतो, सकाळी लवकर, रहदारी नसताना. रिकाम्या रस्त्यावर गाडी नागमोडी फिरवून ऐकण्याची काहींना सवय असते. मी कुणालाही ते सुचवत नाही. वळणं आपल्याकडे मुबलक आहेत, त्यांचाच उपयोग करावा.

या नियमाला अपवाद आहेत. आजच्या चाकाच्या बेरिंगमध्ये गोळ्यांच्या दोन रांगा असतात. बाहेरच्या रांगेऐवजी आतली रांग बिघडली असेल तर आवाज कधी उलट्या वळणावर वाढतो. म्हणून वळणाचं उत्तर मी दिशा म्हणून घेतो आणि निकाल जॅकवर लावतो.

पुढे की मागे?

"मला तर तो मागच्या सीटखालून येतो असं वाटतं," बाई म्हणाल्या.

या प्रश्नावर कान हमखास फसवतो. आवाज चाकाचं बेरिंग ज्यात बसतं त्या नकलमधून, सस्पेन्शनमधून गाडीच्या पत्र्यात शिरतो आणि पत्रा सगळीकडे सारखा थरथरतो. तुमच्यासोबत कुणी असेल तर त्याला मागे बसवा आणि पायाखालची जमीन हातानं चाचपायला सांगा. कानापेक्षा तळहात जास्त खरं सांगतो. पुढच्या बेरिंगची थरथर पुष्कळदा स्टिअरिंगमध्येही बारीक जाणवते. बाई म्हणाल्या, स्टिअरिंगमध्ये मुंग्या आल्यासारखं होतं. मग मी पुढच्या डाव्या चाकावर बोट ठेवलं.

आपल्याकडच्या रस्त्यांची एक सोय आहे. घराच्या आणि बागायतींच्या बाजूला चिऱ्यांचे गडगे रस्त्याला लागून असतात. त्या बाजूची काच खाली करून चाळीसच्या वेगात गडग्याजवळून गेलं की आवाज भिंतीवर आपटून परत येतो, आणि मोकळ्या जागी आला की कमी होतो. घासणारा ब्रेक किंवा टायरमध्ये अडकलेला दगड याच्यासाठी ही युक्ती फार चांगली. बेरिंगच्या खोल घुमण्याला तेवढी लागू पडत नाही.

कधीपासून, आणि त्याआधी काय झालं?

"चवथीच्या सुमारास पहिल्यांदा लक्षात आलं."

"त्याआधी खड्ड्यात जोरात आपटली का? की पाण्यातून गेली?"

त्या क्षणभर थांबल्या. "जुलैत. वाळवंटी नदीचं पाणी साखळीच्या बाजारात आलं होतं तेव्हा. अर्धं चाक पाण्यात होतं. मी पणजीहून थेट तशीच आले होते."

सगळी कथा या वाक्यात आली. तीस किलोमीटर धावून आलेली गाडी, वारंवार ब्रेक लागलेला, चाक ज्यावर बसतं ते हब गरम. ते एकदम थंड पाण्यात बुडालं की बेरिंगच्या आतली हवा आकुंचन पावते आणि सीलच्या ओठातून पाणी आत ओढून घेते. त्या दिवशी काहीच कळत नाही. पाण्यामुळे ग्रीस दुधाळ होतं, गोळ्या ज्या वाटेवरून फिरतात तिथे गंजाचे बारीक ठिपके पडतात, ठिपक्यांच्या जागी पोलादाचे कण सुटतात आणि मग ती वाट खडबडीत होते. याला काही आठवडे किंवा काही महिने लागतात. तोवर पावसाच्या आवाजात सुरुवातीची गुणगुण ऐकू येत नाही. म्हणून दर वर्षी चवथ ते दिवाळी या काळात माझ्याकडे बेरिंगच्या गाड्या जास्त येतात. पाण्यातून जाणं टळत नसेल तर आधी दहा मिनिटं उभं राहून हब निवू द्यावं.

जॅकवर तपासणी

सपाट जमीन, हँडब्रेक, मागच्या चाकांना लाकडी अडण. पुढची दोन्ही चाकं उचलून गाडी स्टँडवर ठेवायची. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही. दोन्ही बाजूंची तुलना करता यावी, म्हणून दोन्ही.

गियर न्यूट्रल करून मी चाक हातानं फिरवलं. ब्रेकपॅडची हलकी सरसर सोडून कानाला फारसं काही आलं नाही. मग बाईंना बोलावलं. "एका हातानं चाक फिरवतो. तुम्ही आतल्या या सस्पेन्शनच्या स्प्रिंगला बोटं लावा, चाकापासून लांबच." त्यांनी उजव्या बाजूच्या स्प्रिंगला हात लावला, काही नाही. डाव्या स्प्रिंगला लावला आणि लगेच म्हणाल्या, "वाळू! आत वाळू असल्यासारखं लागतंय." स्प्रिंग ती बारीक खरखर हातापर्यंत आणून पोचवते. दोन्ही बाजूंची तुलना केली की नवख्यालाही फरक कळतो. ही तपासणी हातानंच करायची. इंजिन चालू करून, गियर टाकून चाक फिरवताना हात जवळ न्यायचा नाही.

यानंतर चाक वर आणि खाली धरून, म्हणजे घड्याळाच्या बारा आणि सहावर, आळीपाळीनं ढकलून-ओढून पाहिलं. खुळखुळ, म्हणजे प्ले, लागली नाही. पुष्कळ जण इथे चुकतात आणि 'प्ले नाही, बेरिंग ठीक आहे' म्हणून गाडी परत देतात. दोन रांगांचं बंद बेरिंग प्ले येण्याच्या खूप आधी ओरडू लागतं. प्ले असलाच तर एकाला ब्रेक दाबून ठेवायला सांगून चाक पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर तो बेरिंगचा, कारण ब्रेकनं हब नकलला जखडून टाकलं. तरी राहिला तर बॉलजॉइंट पाहायचा. तीन आणि नऊवर धरल्यावर खुळखुळ लागली तर आधी स्टिअरिंगचा रॉड बघावा.

गाडी चालवत नेता येईल का?

नुसतं घुमणं आहे, प्ले नाही, तर चाळीस-पन्नासच्या वेगात जवळच्या गॅरेजपर्यंत जायला हरकत नाही. चोर्ल्याच्या घाटातून बेळगावला जायचा बेत असेल तर तो पुढे ढकला. घुमण्याचं रूपांतर खरडण्यात झालं, चाकात प्ले आला, त्या चाकाशी जळका वास येऊ लागला, स्टिअरिंग डगमगू लागलं किंवा आतापर्यंत बंद असलेला एबीएसचा दिवा लागला, तर गाडी उभी करून ओढून न्यावी. बेरिंग पूर्ण फुटलं की चाक तिरकं होतं आणि ब्रेक नीट लागत नाही.

काम करताना काय पाहायचं

बाईंच्या गाडीत बेरिंग नकलमध्ये प्रेसनं बसवलेलं असतं. काही गाड्यांत हब आणि बेरिंग मिळून एकच नट-बोल्टचा संच येतो, तिथे काम सोपं. हे आधी विचारून घ्या, मजुरीतला फरक त्यामुळेच असतो.

ॲक्सलचा मोठा नट गाडी चाकांवर उभी असतानाच सैल करायचा आणि तो सैल असताना गाडी पुढे-मागे ढकलायची नाही, बेरिंगवर वाकडा भार येतो. नकल सोडवून प्रेसवर घेतली, हब बाहेर काढलं, सर्क्लिप काढून जुनं बेरिंग ढकललं. आतली एक रिंग हबवर अडकून राहते, ती पुलरनं ओढायची. हबची जागा हातानं चाचपली, ओरखडा नव्हता. ओरखडा असता तर हबही बदललं असतं.

नवं बेरिंग नकलमध्ये बसवताना दाब फक्त बाहेरच्या रिंगवर द्यायचा. हब घालताना आतली रिंग खालून टेकवून धरायची. चुकीच्या रिंगवर दाब दिला किंवा हातोडीनं ठोकलं तर सगळा जोर गोळ्यांमधून जातो आणि त्यांच्या वाटेवर खळी पडते. असं बेरिंग काही दिवसांतच गुणगुणू लागतं आणि दोष कंपनीला लागतो. गॅरेजमध्ये प्रेस आहे का, एवढं विचारलंत तरी पुरे. एबीएस असलेल्या पुष्कळ गाड्यांत बेरिंगच्या एका तोंडाला चुंबकी पट्टा असतो. ते तोंड सेन्सरकडेच यायला हवं. उलटं बसलं तर आवाज जातो, पण एबीएसचा दिवा पेटतो आणि सगळं पुन्हा उघडावं लागतं.

शेवटी नवा नट, टॉर्क पान्यानं आवळलेला. आकडा गाडीगणिक वेगळा असतो. लहान गाड्यांत मला तो बहुतेक 150 ते 250 न्यूटन मीटरच्या दरम्यान दिसतो, पण अंदाजानं न जाता त्या गाडीच्या पुस्तकातलाच घ्यावा. पान्याला पाइप लावून 'आणखी थोडं' ओढलं तर बेरिंग घट्ट जखडतं, कमी ओढलं तर रिंगा सुटतात.

जुनं बेरिंग फोडून बाईंच्या हातात दिलं. ग्रीस चॉकलेटी पाण्यासारखं झालं होतं. बाहेरच्या रिंगच्या आत, गोळ्यांच्या वाटेवर, तांदळाच्या कणीएवढे चार-पाच खड्डे होते. त्यांनी नख फिरवलं, नख अडकलं.

केरीच्या रस्त्यावर आम्ही दोघं फेरी मारून आलो. तेच उजवं वळण, साठचा वेग. फक्त वाऱ्याचा आवाज. त्या म्हणाल्या, "उजवंही बदलून टाकू का? तेही पाण्यात होतंच." मी नको म्हटलं. स्प्रिंगवर हात ठेवून ते शांत लागलं होतं, आणि शांत बेरिंग पत्नी-पतीसारखं जोडीनं बदलावं असा काही नियम नाही. पण ते त्याच पाण्यातून गेलं होतं हेही खरं, म्हणून हजार किलोमीटरनंतर पुन्हा यायला सांगितलं. जानेवारीत त्या आल्या. पुढची दोन्ही चाकं उचलली, त्यांनी स्वतःच उजव्या स्प्रिंगला बोटं लावली आणि मी चाक फिरवलं. अजून गुळगुळीत होतं.